निळी ट्यूब अर्धी भरली तर

मिरजेतल्या लॅबमध्ये मी सकाळी सातपासून सुया टोचत असतो आणि रोज कोणीतरी विचारतंच, "ओ, एवढ्या बाटल्या कशाला, सगळं एकाच बाटलीत घ्या की!"

गंमत अशी की शिरेत रक्त गोठत नाही ते नुसतं वाहतंय म्हणून नाही, शिरेच्या आतल्या अस्तराला ब्रेक लावलेले असतात. तिथं अँटीथ्रॉम्बिन गोठवणाऱ्या एन्झाइमना पकडतं, प्रोटीन सी गोठवायला मदत करणाऱ्या आणखी दोन प्रथिनांना तोडतं, आणि एवढं करूनही गाठ झालीच तर अस्तरातनं टीपीए नावाचा एन्झाइम सुटतो. तो गाठीत अडकलेल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतो आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे कातरतं. कातरलेले तुकडे म्हणजेच डी-डायमर, कोविडात ज्याच्या रिपोर्टसाठी लोक रांगा लावायचे.

ट्यूबमध्ये हे अस्तर नाही, म्हणून लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये अर्ध्या तासात रक्ताचा गोळा होतो आणि तो आपसूक विरघळत नाही. तिथं आम्हाला तेच हवं असतं, वरचं सीरम काढायला. जांभळ्यात सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायला, पेशी सुट्या राहायला पाहिजेत, मग ईडीटीए कॅल्शियम घट्ट बांधून टाकतं. ग्रे ट्यूबमध्ये फ्लोराइड, कारण नाहीतर पेशी शुगर खात बसतात.

खरा नाजूक मामला निळ्याचा. त्यात सायट्रेट असतं, तेही कॅल्शियमच बांधतं, पण मशीनवर आम्ही कॅल्शियम परत घालतो आणि गोठायला किती सेकंद लागले ते मोजतो. म्हणून माप ठरलेलं, २.७ मिली रक्ताला ०.३ मिली सायट्रेट, नवास एक.

मागं एक आज्जी आल्या, हृदयाचा व्हॉल्व बदललेला, रक्त पातळ व्हायची गोळी चालू. आदल्या दिवशी घरी येऊन कुणी दुसऱ्यानं सँपल नेलेलं, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागतो त्याचा आकडा, ३.९ आला, आणि डॉक्टर गोळी कमी करायच्या बेतात. नातू म्हणाला, "शीर सापडंना, अर्धीच भरली ओ." म्हणजे साधारण १.४ मिली रक्त, तेवढ्याच सायट्रेटला, पाचास एकसुद्धा नाही. जास्तीचं सायट्रेट आम्ही घातलेलं कॅल्शियमही गिळतं, गोठायला उशीर होतो आणि मशीनला वाटतं रक्त फार पातळ आहे. (काही जण कमी पडलं की जांभळ्यातनं ओतून निळी भरतात, त्याहून वाईट काही नाही.)

मी दुसऱ्या हाताची शीर शोधली, रेषेपर्यंत भरली आणि ट्यूब हलक्या हातानं तीन-चारदा उलटी-सुलटी केली, कारण जोरात हलवली तर पेशी फुटतात. आयएनआर आला २.६, त्यांना हवा होता तेवढाच. डॉक्टरांनी गोळी आहे तशीच ठेवली.