गोळ्यांमधली सात दिवसांची सुट्टी खरंच लागते का?

गर्भनिरोधक गोळ्यांच्या नेहमीच्या पाकिटात २१ गोळ्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या संप्रेरकांच्या असतात. मग सात दिवस नुसत्या साखरेच्या किंवा लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, नाहीतर काहीच घ्यायचं नाही. त्या आठवड्यात जो रक्तस्राव होतो त्याला सगळे पाळी म्हणतात, पण त्या महिन्यात बीज सुटलेलंच नसतं. बाहेरून मिळणारी संप्रेरकं अचानक थांबली, म्हणून गर्भाशयाचं अस्तर गळतं, इतकंच. शरीराला या रक्तस्रावाची गरज नसते.

मग सुट्टी न घेता सलग गोळ्या घेऊन तो टाळला तर रक्त आत साचत नाही का? ही भीती मी फार ऐकते. साचत नाही, कारण साचायला काही तयारच होत नाही. गोळीतल्या प्रोजेस्टिनमुळे अस्तर पातळच राहतं. सलग गोळ्यांचा अभ्यास झाला तेव्हाही अस्तर जाड झालेलं दिसलं नाही. गोळ्या थांबवल्यावर बहुतेकींची पाळी तीन महिन्यांच्या आत परत येते.

उलट धोका त्या सुट्टीतच असतो. सात दिवसांत बीजकोश जागे होऊ लागतात. नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू झालं, तर बीज सुटू शकतं.

समजा, २८ वर्षांच्या एका बाईला दर महिन्याला याच आठवड्यात अर्धशिशी उठते. डोळ्यांपुढे चमकत्या रेषा किंवा अंधारी येत नाही, रक्तदाब ठीक आहे, ती धूम्रपानही करत नाही. इस्ट्रोजेन एकदम उतरलं की तिचं डोकं धरतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती तीन पाकिटांतल्या ६३ गोळ्या सलग घेते आणि मग चार दिवस थांबते. वर्षातून तेरा वेळा होणारी ही उतरण आता पाच-सहा वेळाच होते. एन्डोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, पोटात असह्य कळा किंवा अतिरक्तस्रावामुळे रक्तक्षय असणाऱ्यांनाही असाच फायदा होतो. मात्र पाकिटातल्या सगळ्या संप्रेरक गोळ्या एकाच मात्रेच्या हव्यात.

पहिल्या काही महिन्यांत मध्येच डाग पडतात, आणि बऱ्याच जणी तिथंच घाबरून गोळ्या सोडतात. किमान २१ गोळ्या सलग झाल्या असतील आणि रक्तस्राव तीन-चार दिवस सुरूच असेल, तर चार दिवस थांबून पुन्हा सुरुवात करता येते. २१च्या आत मात्र थांबू नये. काही महिन्यांनंतरही रक्तस्राव थांबला नाही किंवा संबंधानंतर होऊ लागला, तर तपासणी हवी. गोळ्या चुकल्या किंवा उलट्या झाल्या तर गर्भचाचणी करावी, कारण इथं पाळी चुकल्याची खूण मिळत नाही.

सलग घेतल्या तरी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका नेहमीच्या पद्धतीइतकाच धरावा लागतो. म्हणून चमकत्या रेषांची अर्धशिशी, आधी झालेली गुठळी, वाढलेला रक्तदाब, स्तनाचा कर्करोग किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, तर इस्ट्रोजेनची गोळी कोणत्याच पद्धतीनं घेऊ नये.