पांढऱ्या मिशीला नीळ किती?

पन्नाशीच्या माणसाने दाढीमिशीला काळाकुट्ट कलप लावला की समोरच्याची नजर डोळ्यांकडे जायच्या आधी मिशीवर जाते. याचे कारण उन्हात दिसते. आपण ज्याला काळा केस म्हणतो तो सकाळच्या कोवळ्या उन्हात, दाराच्या चौकटीत उभे राहून पाहिला तर गडद तपकिरी दिसतो. दाढीत तर कल्ल्यांपाशी आणि मिशीच्या टोकांना काही केस तांबूसही असतात. केसात दोन रंगद्रव्ये असतात, एक काळे-तपकिरी आणि दुसरे तांबूस-पिवळे, आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक केसात थोडे वेगळे असते. कलप हा फरक पुसून टाकतो. सगळे केस एकाच रंगाचे झाले की दाढी चिकटवल्यासारखी वाटते. त्यात डोक्याचे केस अर्धे पिकलेले असतील तर आणखी विचित्र, कारण दाढी सहसा डोक्याच्या केसांपेक्षा फिकी असते, गडद नसते.

दुसरी अडचण वाढीची. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.४ मिलिमीटर वाढतो, म्हणजे आठवड्यात जवळपास ३ मिलिमीटर. आठ मिलिमीटरची राखलेली दाढी असेल तर दहाव्या दिवशी निम्मा केस मुळापासून पांढरा असतो. काळ्याखाली पांढरी रेघ लांबूनही दिसते. तपकिरीखालची पांढरी रेघ तितकी डोळ्यांत भरत नाही, आणि मध्ये काही पांढरे केस मुद्दाम सोडलेले असतील तर ती जवळजवळ दिसतच नाही.

म्हणून मेंदी आणि नीळ. दोन्ही पानांच्या पुडी आहेत, पण रंग देण्याची त्यांची पद्धत वेगळी. मेंदीतले लॉसोन नावाचे द्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसते आणि नारिंगी रंग देते. निळीच्या पानात तयार निळा रंग नसतो. पाणी लागले की पानातलेच विकर एका रंगहीन द्रव्याला तोडते, त्यातून सुटलेला अंश हवेशी संयोग पावून निळा होतो. नारिंगीवर निळा चढला की तपकिरी. दोन्ही रंग पारदर्शक असल्यामुळे मुळातला काळा केस फारसा बदलत नाही, पांढरा मात्र रंगतो. गडद-फिका हा फरक शिल्लक राहतो, आणि मिशी खरी वाटते ती त्यामुळेच.

नीळ विकत घेताना एक घोटाळा नेहमी होतो. किराणा दुकानात पांढऱ्या कपड्यांसाठी मिळणारी नीळ वेगळी, तिचा केसांशी काही संबंध नाही. आपल्याला हवी ती नीलीच्या पानांची पूड, पाकिटावर बहुधा ‘इंडिगो पावडर’ लिहिलेले असते. ती मेंदीसारखीच हिरवी दिसली पाहिजे. पूड निळी असेल तर रंग आधीच तयार होऊन गेलेला आहे. असा रंग पाण्यात विरघळत नाही आणि केसात शिरत नाही.

‘काळी मेंदी’ नावाच्या पाकिटांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. मेंदी एकटी कधीच काळा रंग देत नाही. जे पाकीट वीस-तीस मिनिटांत काळे करण्याची खात्री देते त्यात बहुतेक वेळा पॅरा-फेनिलिनडायअमिन हे रासायनिक रंगद्रव्य असते, मग वर ‘हर्बल’ लिहिलेले असो वा नसो. घटकांच्या बारीक अक्षरांत हे नाव शोधावे. त्याची ॲलर्जी असलेल्यांना लावल्यानंतर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत खाज, लाली, पाणी सुटणे, पापण्या सुजणे असा त्रास होतो. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. आधी दहा वेळा काही झाले नाही म्हणून अकराव्यांदा होणार नाही असे नसते. दाढीखाली वस्तऱ्याने सोललेली कातडी असते आणि वर लगेच ओठ, नाक, डोळे, त्यामुळे इथे हा धोका घेण्यात अर्थ नाही.

आता प्रमाण. हे पाकिटावरच्या चित्रावरून ठरवू नये, स्वतःच्या केसांवर ठरवावे. समजा, परभणीतल्या एका गृहस्थांचे वय बावन्न, वर्ण सावळा, डोक्याचे केस निम्मे पिकलेले, मिशी दाट आणि अर्ध्याहून जास्त पांढरी, दाढी आठ मिलिमीटर, हनुवटी पूर्ण पांढरी. घरात लग्न दहा दिवसांवर आहे. त्यांनी सलूनमध्ये मिशीची टोके कापून घेतली, की ते केस कागदात बांधून घरी आणावेत. त्यांचे तीन झुबके करून दोऱ्याने बांधावेत. पहिल्याला मेंदी आणि नीळ समसमान, दुसऱ्याला दोन भाग मेंदी व तीन भाग नीळ, तिसऱ्याला एक भाग मेंदी व दोन भाग नीळ. तासाभराने धुवून दोन दिवस तसेच ठेवावेत. पहिला झुबका तांबूस तपकिरी निघेल, दुसरा बदामी-तपकिरीकडे झुकेल, तिसरा काळपट. मग ते उन्हात नेऊन स्वतःच्या उरलेल्या काळ्या केसांशेजारी धरावेत. ट्यूबलाइटखाली तिन्ही सारखेच दिसतात, आणि नारिंगी झाक लपून राहते ती दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्यावर कळते. जो झुबका आपल्या काळ्या केसांपेक्षा एक-दोन पायऱ्या फिका आहे तो घ्यावा. या गृहस्थांना दुसरा, म्हणजे दोनास तीन हे प्रमाण बसते. त्याच दोन दिवसांत त्याच मिश्रणाचा ठिपका कानामागे लावून धुवावा आणि ४८ तास वाट पाहावी. खाज किंवा पुरळ आले तर बेत रद्द. ज्यांना जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे त्यांनी मेंदी वापरूच नये.

मिशी आणि राखलेल्या दाढीला सपाट दोन चमचे मेंदी आणि तीन चमचे नीळ पुरते, चमचा चहाचा. पूड वस्त्रगाळ असावी, जाड कण राहिले तर धुताना मिशीत अडकतात. मेंदी कोमट पाण्यात दह्यासारखी घट्ट कालवून अर्धा चमचा लिंबाचा रस घालावा. जास्त लिंबू नको, कारण पुढे येणाऱ्या निळीला आंबटपणा मानवत नाही. हिवाळ्यात ती रात्रभर ठेवावी. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातल्या घरात तीन-चार तास पुरतात, उकाड्यात रंग लवकर सुटतो आणि रात्रभर ठेवल्यास उतरतोही. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. लोखंडी कढईत चहा किंवा आवळा घालून मेंदी भिजवायची जुनी रीत आहे. तिने रंग गडद होतो हे खरे, पण लोह आणि चहा-आवळ्यातले तुरट द्रव्य यांतून शाईसारखा करडा-काळा रंग तयार होतो, जो टाळायचा म्हणून आपण ही सगळी खटपट करतो आहोत.

लावायची वेळ झाली की मगच नीळ भिजवावी. वेगळ्या वाटीत कोमट पाणी, चिमूटभर मीठ, लिंबू अजिबात नाही. दहा-पंधरा मिनिटांत हिरव्या लगद्यावर निळसर-काळी साय धरते. तीच खूण. लगेच मेंदीत मिसळून लावायला घ्यावे. इथे अर्धा तास फोनवर गेला तर निळीचा रंग वाटीतच तयार होऊन बसतो आणि मिशी नारिंगी निघते.

केसांवर तेल नको. खोबरेल तेलाने माखलेल्या मिशीवर मिश्रण नुसते वर बसते आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो, म्हणून आधी शाम्पूने धुवून पुसून घ्यावे. गळ्याकडची कड त्याच दिवशी वस्तऱ्याने कोरू नये, ते आदल्या दिवशी उरकावे. ओठ, गाल आणि नाकपुडीच्या कडेला पेट्रोलियम जेली पातळ लावावी, पण ती केसांना लागू देऊ नये. जुन्या टूथब्रशने मिश्रण केसांवर ओढावे, कातडीत घासू नये. दाढी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा आखूड असेल तर केसांपेक्षा खालची रंगलेली कातडीच जास्त दिसते. इतक्या खुरट्या दाढीला हा खटाटोप न केलेला बरा.

क्रमही ठरवून घ्यावा. प्रथम मिशी, मग कल्ले, आणि वीस मिनिटांनी शेवटी हनुवटी. मिशीला तासभर मिळतो, हनुवटीला चाळीस मिनिटे, त्यामुळे हनुवटी आपोआप थोडी फिकी राहते. हनुवटीवर ब्रश सलग न फिरवता मध्ये दोन-तीन बारीक पट्ट्या कोरड्या सोडाव्यात. या पट्ट्यांतले पांढरे केस पुढे मुळाशी येणाऱ्या पांढऱ्याला सामावून घेतात.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत मिश्रण पंख्याखाली वीस मिनिटांत कडक होते, आणि वाळले की रंग चढणे थांबते. पंखा बंद करून वरून ओले फडके हलके धरावे, किंवा स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म लावावी. बोलणे, पान खाणे बंद. अंगावर पांढरा सदरा आणि खांद्यावर उपरणे असेल तर आधी काढून ठेवावे.

धुताना साधे पाणी. पुढचे दोन दिवस शाम्पू-साबण नाही. बोअरचे पाणी फार जड असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्यावा, नाहीतर क्षार बसून केस निस्तेज दिसतात. धुतल्या धुतल्या मिशी हिरवट किंवा तांबूस दिसेल. घाबरून लगेच दुसरा थर देऊ नये. नीळ हवेत पूर्ण रंगायला एक-दोन दिवस घेते आणि रंग त्यात आणखी गडद होतो. लग्न रविवारी असेल तर मिश्रण गुरुवारी रात्री लावावे, शनिवारी नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हात पाहून निकाल द्यावा. अजून नारिंगी असेल तर नीळ शिळी होती, उशिरा लावली, किंवा लिंबू जास्त पडले. अशा वेळी एक भाग मेंदी व दोन भाग नीळ पंचवीस मिनिटे लावावी. हिरवट झाक टिकली तर मेंदी कमी पडली आहे, नुसती मेंदी पंधरा-वीस मिनिटे लावून उतार मिळतो. जास्त काळे झाले तर मात्र हातात फार काही नसते. नीळ केसातून निघत नाही, तेल मुरवून जेमतेम थोडी फिकी होते. दाढी महिन्याला सुमारे सेंटिमीटरभर वाढत असल्याने आठ मिलिमीटरची दाढी चार आठवड्यांत कात्रीने नवी होते, मिशीला तेवढा धीर धरावा लागतो. म्हणूनच पहिल्यांदा एक पायरी फिकेच धरावे, गडद केव्हाही करता येते.

पुढच्या वेळी पूर्ण मिशीवर पुन्हा लावू नये. दर वेळी टोकांवर थर चढत गेला की तिसऱ्या-चौथ्या खेपेला टोके काळी आणि मुळे तपकिरी होतात. पंधरा दिवसांनी फक्त मुळांशी, ब्रशच्या टोकाने, चमचाभर मिश्रणात काम भागते.