७३ अंशांच्या पाण्यातून वीज: गरम बोअरच्या हिशोबाची पार्श्वभूमी

जमिनीतल्या उष्णतेपासून वीज म्हटलं की लार्देरेल्लोचं नाव निघतं. इटलीतल्या टस्कनी प्रांतातल्या या गावात जमिनीतून वाफच बाहेर पडते आणि त्या वाफेपासून बोरिक आम्ल काढण्याचा धंदा तिथे आधीपासून चालत होता. ४ जुलै १९०४ रोजी पिएरो जिनोरी कोंती यांनी त्या वाफेवर एक छोटं इंजिन चालवून पाच दिवे पेटवले. १९१३ मध्ये तिथेच २५० किलोवॅटचं वीजकेंद्र उभं राहिलं. या केंद्रातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जमिनीतली वाफ अशुद्ध, यंत्राला खाणारी. म्हणून तिची उष्णता आधी स्वच्छ पाण्याला दिली आणि त्या पाण्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवलं. जमिनीतला द्रव एका बाजूला, यंत्रातला दुसऱ्या बाजूला, मध्ये धातूची भिंत. पुढच्या सगळ्या कहाणीचं बीज या भिंतीत आहे.

वाफेच्या काळात 'विहिरीतून किती उष्णता मिळते' हा प्रश्न फारसा पडत नसे. ताशी किती टन वाफ आणि तिचा दाब किती, एवढ्यावर भागायचं. १९५८ मध्ये न्यूझीलंडमधल्या वाइराकेईला वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा चित्र बदललं, कारण तिथल्या विहिरी मुख्यतः गरम पाणी देतात. दोनशे अंशांच्या वरचं हे पाणी खोलवर दाबाखाली असतं. वर येताना दाब उतरला की त्यातला काही भाग आपोआप वाफ होतो. ती वेगळी काढून टर्बाइनला द्यायची आणि उरलेलं पाणी सोडून द्यायचं. म्हणजे पाण्यातली सगळी उष्णता वापरलीच जात नाही, ही जाणीव हिशोबात शिरली.

पण पाणी शंभर अंशांच्याही खाली असेल तर? त्याची कामाची वाफ होत नाही. इथे लार्देरेल्लोची भिंत पुन्हा उपयोगी पडते. पलीकडच्या बाजूला पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारा द्रव ठेवायचा. १९६७ मध्ये सोव्हिएत अभियंत्यांनी कामचाटकातल्या पाराटुंका इथे ८१ अंशांच्या पाण्यावर हे करून दाखवलं. द्रव होता फ्रिऑन, तेव्हाच्या फ्रिजमधला. या पद्धतीला बायनरी म्हणतात आणि तिच्यासाठी बोअरची उष्णता मोजण्याचं सूत्र अगदी साधं आहे: दर सेकंदाला येणारं पाणी किलोग्रॅममध्ये, गुणिले पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१९, गुणिले तापमानातली घट. उत्तर थेट किलोवॅटमध्ये.

सूत्र शाळेतलं असलं तरी त्यातला प्रत्येक आकडा कसा वागतो हे बघायला अलास्कातलं चेना हॉट स्प्रिंग्स हे ठिकाण उत्तम. फेअरबँक्सजवळचं हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं पर्यटनस्थळ वीजवाहिन्यांपासून दूर आहे. तिथे डिझेल जनरेटर चोवीस तास चालायचे. २००६ मध्ये तिथे बायनरी सयंत्र बसवलं. त्याचं टर्बाइन म्हणजे मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनातल्या चिलरचा कॉम्प्रेसर, उलटा चालवलेला. बाजारात मिळणारे भाग घेतल्यामुळे खर्च आटोक्यात राहिला. द्रवही चिलरमधलाच, आर-१३४ए.

तिथल्या एका सयंत्राचे प्रसिद्ध आकडे असे: बोअरचं पाणी सेकंदाला ३३.३९ लिटर, आत येताना ७३.३ अंश, बाहेर जाताना ५४.४ अंश. घट १८.९ अंश. घाईत ३३.३९ गुणिले ४.१९ गुणिले १८.९ केलं तर सुमारे २,६४४ किलोवॅट येतात. प्रसिद्ध आकडा मात्र २,५८० आहे. फरक कुठला? लिटरचा. ७३ अंशांना एक लिटर पाणी एक किलो भरत नाही, सुमारे ९७६ ग्रॅम भरतं. म्हणजे ३२.५९ किलो. त्याने गुणलं की २,५८१ येतात. अडीच टक्क्यांची ही चूक लहान आहे, पण निव्वळ वीज हाती येते तीच मुळात आठ टक्के.

आता तापमानातली घट. हा आकडा आपल्या मर्जीने धरता येत नाही आणि कागदावरचे बरेच प्रकल्प इथेच फुगतात. पाणी ७३ अंशांचं आहे, बाहेर हवा गोठणबिंदूच्या खाली आहे, मग पाणी दहा अंशांपर्यंत उतरवून सगळी उष्णता का घेऊ नये? कारण पलीकडचा द्रव. चेनाला टर्बाइनच्या तोंडाशी दाब १६ बार असतो. त्या दाबाला आर-१३४ए सुमारे ५८ अंशांना उकळतो. थंड द्रव आधी ५८ पर्यंत तापतो, मग तिथेच उकळत राहतो. घेतलेल्या उष्णतेपैकी सुमारे दोन तृतीयांश या उकळण्यातच जाते. म्हणजे पाणी ७३.३ वरून साधारण ६१ वर येतं ते द्रव उकळवताना. तिथे दोघांच्या तापमानात तीनच अंशांचं अंतर उरतं. याला पिंच म्हणतात. यापेक्षा जवळ जायचं तर उष्णता-विनिमयकाचं, म्हणजे त्या धातूच्या भिंतीचं, क्षेत्रफळ बेसुमार वाढवावं लागतं. ६१ पासून ५४.४ पर्यंतची उरलेली उष्णता द्रव नुसता तापवायला लागते. दाब कमी करून द्रव खालच्या तापमानाला उकळवला तर पाण्यातून जास्त उष्णता निघते, पण तिची कमी वीज होते. या दोन टोकांमधली जागा शोधणं म्हणजेच सयंत्राची आखणी.

पिंच इतका अरुंद असल्याने विनिमयकावर क्षार बसले की ते आधी तापमानातच दिसतं. आत येणाऱ्या पाण्याचं तापमान तेच, प्रवाह तोच, पण बाहेर जाणारं पाणी आठवड्यागणिक थोडं थोडं गरम होत जातं. अशा वेळी बोअर थंड पडली असं समजू नये. बोअर थंड पडली तर आधी आत येणारा आकडा घसरतो.

चेनाला २,५८० किलोवॅट उष्णतेतून टर्बाइन २५० किलोवॅट देतं. त्यातले ४० सयंत्रातला पंप खातो, उरतात २१०. म्हणजे सुमारे आठ टक्के. हे आकडे खरे आहेत का, ते दुसऱ्या टोकाकडून तपासता येतं. टर्बाइनमधून निघालेली वाफ पुन्हा द्रवरूप करणारं थंड पाणी सेकंदाला १०१.६८ लिटर, ४.४ अंशांना येतं आणि १० अंशांना जातं. त्याने नेलेली उष्णता सुमारे २,३६० किलोवॅट. आत आले २,५८० अधिक पंपाचे ४०, बाहेर गेले २,३६० अधिक २५०. दोन्ही बाजू दहा किलोवॅटच्या फरकाने जुळतात. कुठल्याही बोअर प्रकल्पाच्या कागदात हा ताळा आधी बघावा. तो जुळत नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नये.

आठ टक्के ऐकून यंत्राला नावं ठेवली जातात, पण यंत्राचा दोष थोडा आहे. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल याची १८२४ मध्ये सादी कार्नो यांनी दाखवलेली मर्यादा ७३.३ आणि ४.४ अंशांच्या दरम्यान जेमतेम २० टक्के भरते, तीही पाणी थंड होतच नाही असं धरून. चेनाची खरी दौलत गरम पाण्याइतकीच ते ४.४ अंशांचं पाणी आहे.

आणि हेच महाराष्ट्राला लागू पडतं. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांची ओळच आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी, तुरळ-राजवाडी, राजापूरचं उन्हाळे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे. 'ऊन पाणी' तिथल्या गावांच्या नावांतच मुरलेलं आहे. उन्हवऱ्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास, म्हणजे चेनाच्या पाण्याहून फार कमी नाही. मग तिथे चेना का होत नाही?

हिशोबासाठी धरू की तिथे बोअर घेऊन सेकंदाला ५ लिटर पाणी मिळालं. ७० अंशांना ते ४.८९ किलो. पाणी ५५ पर्यंत उतरवलं तर उष्णता ४.८९ गुणिले ४.१९ गुणिले १५, सुमारे ३०७ किलोवॅट. आता द्रवाकडे बघा. पिंच सांभाळून तो ५५ अंशांना उकळवायचा, म्हणजे दाब सुमारे १५ बार. कोकणातलं थंड करायचं पाणी २८ अंशांचं, त्यामुळे टर्बाइनमधून निघालेली वाफ ३६ अंशांच्या खाली पुन्हा द्रवरूप करता येत नाही आणि तिथे दाब नऊ बारच्या वर राहतो. चेनाला टर्बाइनच्या दोन तोंडांना १६ आणि ४.४ बार होते, साडेतीनपटीहून जास्त. इथे दीडपटीच्या थोडं वर. यंत्र चेनाइतकंच चांगलं धरलं तरी सुमारे चार टक्के, म्हणजे १२ किलोवॅट.

त्यातून वजाबाकी सुरू होते. द्रवाचा पंप दीड किलोवॅट घेतो. थंड पाणी पाच अंशांनी तापू द्यायचं तर ते सेकंदाला १४ लिटर लागतं. ते दहा मीटर चढवायला अडीच किलोवॅट. बोअरचं पाणी आपोआप वर येत असेल तर आठ किलोवॅट हातात राहतात. साठ मीटरवरून उपसावं लागलं तर आणखी पाच जातात, मग उरतात तीन.

शिवाय ते ५ लिटर खरंच ५ आहेत का? झऱ्याचा प्रवाह सहसा नव्वद अंशांच्या कोनाच्या व्ही-खाचेच्या फळीवरून मोजतात. पाच लिटरला खाचेतल्या पाण्याची उंची साधारण साडेदहा सेंटिमीटर येते. प्रवाह या उंचीच्या अडीचव्या घाताप्रमाणे वाढतो, त्यामुळे उंची वाचताना एक सेंटिमीटर चुकला की प्रवाह जवळपास चोवीस टक्क्यांनी चुकतो. उंची खाचेच्या काठाशी मोजली तर ती हमखास कमी भरते, कारण तिथे पाणी आधीच खाली वाकलेलं असतं. ती मागे, उंचीच्या निदान चौपट अंतरावर घ्यावी. तापमानाचंही तसंच. पंधरा अंशांच्या घटीत एक अंशाची चूक म्हणजे सात टक्के. दोन्ही थर्मामीटर आधी एकाच बादलीत बुडवून बघितले की ही चूक पकडता येते. आणि नव्या बोअरचा पहिल्या दिवसाचा प्रवाह हिशोबात धरू नये. उपसा काही आठवडे चालवला, पातळी कुठे स्थिरावते ते पाहिलं, मगच तो आकडा सूत्रात घालावा.

वीज सोडून नुसती उष्णता घेतली तर त्याच बोअरचे ३०७ किलोवॅट जवळजवळ सगळे कामाला येतात, घरातले ३ किलोवॅटचे शंभर गीझर एकदम चालू ठेवल्यासारखे. त्यासाठी थंड पाणी लागत नाही, टर्बाइन लागत नाही, आणि ५५ च्याही खाली ४० पर्यंत पाणी उतरवलं तर उष्णता दुप्पट होते. त्या भिंतीपलीकडे उकळणारा द्रव नसल्याने पिंचची अडचणही उरत नाही.