एसएसडी कपाटात ठेवली की डेटा उडतो का? या प्रश्नामागची जुनी भानगड

हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुठेतरी निघतोच, आणि मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते हार्ड डिस्कच भारी, दुसरी म्हणते कुठल्या जमान्यात आहात. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण ते कळायला जरा मागे जावं लागेल.

1956 मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचं मशीन आणलं, त्यातली डिस्क ही पहिली हार्ड डिस्क. 24 इंची 50 तबकड्या एकावर एक, आणि सगळ्यांत मिळून मावणार किती तर आजच्या हिशोबाने पावणेचार एमबी. हवी ती नोंद शोधून आणायला साधारण 600 मिलीसेकंद लागायचे. आज वीस टीबीच्या डिस्क मिळतात, म्हणजे क्षमता पन्नास लाख पटीने वाढली, पण शोधायचा वेळ? 7200 आरपीएमच्या डिस्कला एक फेरी मारायला 8.3 मिलीसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी त्याच्या निम्मे, वर हेड सरकवायचे आठ-नऊ. झाले बारा-तेरा. सत्तर वर्षांत जेमतेम पन्नास पट फरक! कारण उघड आहे, लोखंड फिरवायचं आणि हात हलवायचा म्हटलं की त्याला मर्यादा येतेच. सलग मोठी फाइल वाचायची असेल तर हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी आरामात देते, पण इकडे तिकडे विखुरलेल्या बारक्या फाइली मागितल्या की सेकंदाला शंभरेक मागण्यांतच तिचा दम निघतो.

एसएसडीत असते ती फ्लॅश मेमरी, तिची गोष्ट वेगळ्याच गावची. 1967 मध्ये बेल लॅब्समध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी फ्लोटिंग गेटची कल्पना मांडली: चारी बाजूंनी इन्सुलेटरने बंद केलेल्या एका बारीक तुकड्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, वीज गेली तरी ते तिथेच राहतात. पुढे तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी त्यावरून फ्लॅश मेमरी काढली, आणि 1987 मध्ये तिचा नँड हा प्रकार मांडला गेला. इथे फिरणारं काहीच नाही, त्यामुळे कुठलीही जागा वाचायला मिलीसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. हार्ड डिस्कपेक्षा शंभरपट तरी फास्ट.

पण इथेच मेख आहे. इलेक्ट्रॉन आत ढकलायचे आणि बाहेर काढायचे तर त्या इन्सुलेटरमधूनच, जास्त व्होल्टेज लावून, आणि दर वेळी तो थर थोडा खराब होतो. म्हणून प्रत्येक सेल, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडायची अशी एक जागा, किती वेळा लिहायचा-पुसायचा याला लिमिट. आणि थर जितका खराब तितके आतले इलेक्ट्रॉन लवकर गळणार. हार्ड डिस्कमध्ये या तिन्ही गोष्टींची कारणं बऱ्यापैकी वेगळी असतात: स्पीड फिरण्यावर, आयुष्य बेअरिंग आणि हेडवर, आणि डेटा टिकणं तबकडीवरच्या चुंबकीय कणांवर. लिहून लिहून तबकडी झिजत नाही, कारण हेड काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. एसएसडीत मात्र स्पीड, झीज आणि डेटा टिकणं तिन्ही गोष्टी त्याच एका कोंडलेल्या चार्जवर अवलंबून. आमच्या मते अर्धे वाद हे लक्षात न घेतल्यामुळेच होतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सॅमसंगची 840 ईव्हीओ. 2013 ला आली, स्वस्त आणि फास्ट म्हणून धडाधड खपली. स्वस्त कशामुळे, तर टीएलसी, म्हणजे एका सेलमध्ये तीन बिट. एक बिट ठेवायचा तर चार्ज आहे की नाही एवढंच ओळखायचं असतं, तीन बिटांसाठी मात्र त्याच जागेत चार्जच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, आणि वर सेलही 19 नॅनोमीटरच्या बारक्या प्रोसेसचे, म्हणजे इलेक्ट्रॉन मुळातच कमी. 2014 मध्ये लोकांच्या लक्षात आलं की काल लिहिलेली फाइल 500 एमबीच्या स्पीडने वाचली जाते पण काही महिने पडून असलेली फाइल शंभराच्याही खाली, काही वेळा जुन्या हार्ड डिस्कपेक्षा हळू. नवी टेस्ट फाइल बनवून मोजलं तर सगळं झकास, म्हणून आधी कुणाला पत्ताच लागला नाही!

काय होत होतं, तर पडून पडून चार्ज थोडा सरकत होता. ड्राइव्हमधली कंट्रोलर चिप ठरलेल्या व्होल्टेजला वाचायला जायची, चुका जास्त यायच्या, मग व्होल्टेज जरा बदलून परत वाच, परत बदल, असं करत शेवटी बरोबर डेटा काढायची. डेटा शाबूत होता पण दमछाक होत होती. ऑक्टोबर 2014 ला कंपनीने एक टूल दिलं, ते सगळा डेटा नव्याने लिहून काढायचं. काही महिन्यांत परत तेच रडगाणं. मग 2015 मध्ये नवा फर्मवेअर आला जो जुना डेटा अधूनमधून स्वतःच पुन्हा लिहितो. म्हणजे टिकाऊपणासाठी थोडी झीज सोसायची, आणि ड्राइव्हला वीज असेल तरच हे होणार. पुढे उभे थर रचलेली थ्रीडी नँड आली, सेल पुन्हा मोठे झाले आणि प्रश्न बराच निवळला.

त्याच 2015 च्या सुमारास जेडेक या स्टँडर्ड बनवणाऱ्या संस्थेचं एक जुनं प्रेझेंटेशन फिरलं आणि "एसएसडी आठवड्याभरात रिकामी होते" असली हेडिंग आली. खरा नियम असा की घरगुती एसएसडीचा लिहिण्याचा सगळा कोटा संपल्यानंतर, 30 अंशांवर बंद ठेवली तर डेटा एक वर्ष टिकला पाहिजे. सर्व्हरवालीसाठी 40 अंशांना तीन महिने. कोटा संपलेल्या ड्राइव्हची गोष्ट आहे ही, नव्याची नाही. आणि कोटा संपायला किती वेळ लागतो बघा: 250 जीबीची ड्राइव्ह, सेल हजार वेळा लिहिता येतात असं धरलं तर 250 टीबी, ड्राइव्ह स्वतःच आतल्या आत डेटा हलवते ती उचलठेव धरून निम्मे करा, 125 टीबी. रोज 20 जीबी लिहिलं तर सतरा वर्षं. हां, गरम जागी ठेवली तर मात्र चार्ज भराभर गळतो, साधारण पाच अंश वाढले की टिकण्याचा काळ निम्मा.

आपल्या ड्राइव्हचं काय चाललंय ते लिनक्सवर बघता येतं, ही कमांड फक्त वाचते, पण `if` च्या जागी चुकून `of` लिहू नका, sdX च्या जागी आपली डिस्क, आणि चालू स्पीड दाखवणारं `pv` आधी इन्स्टॉल करून घ्या:

```
sudo dd if=/dev/sdX bs=1M status=none | pv > /dev/null
```

हार्ड डिस्कवर स्पीड सुरुवातीला जास्त आणि शेवटाकडे हळूहळू निम्म्यावर येतो, ते नॉर्मल आहे, आतल्या ट्रॅकची लांबीच कमी. मध्येच अडकून खडखड आवाज आला तर डेटा आजच दुसरीकडे हलवा. एसएसडीवर उतार नसतो, पण मध्येच स्पीड धपकन पडून परत वर येत असेल तर बहुतेक तो जुना डेटा आहे, तेवढा कॉपी करून परत लिहिला आणि तिथला स्पीड परत आला तर दुखणं हेच होतं.