पुराचे चार तुकडे

कोल्हापुरात ३२ शिक्षकांसाठी सहकारी अध्ययनाची कार्यशाळा आखताना मी व्याख्यान जवळजवळ काढूनच टाकतो. सकाळी शिक्षक स्वतः विद्यार्थी होतात. पद्धत जिगसॉची: धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाने एक तुकडा शिकायचा आणि आपल्या गटाला शिकवायचा. ती मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये सुरू केली. काळी-गोरी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यातली तेढ कमी करायची होती.

प्रश्न ओळखीचा ठेवतो: पंचगंगेला पूर का येतो? त्याचे चार तुकडे करतो. घाटातला पाऊस, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, भोगावती, तुळशी, कासारी आणि कुंभी यांचं एकत्र येणं, आणि नरसोबावाडीला कृष्णेची पातळी चढली की पंचगंगेचं पाणी पुढे न सरकणं. प्रत्येकाला एकच तुकडा, चार रंगांच्या कागदांवर. चौघांचे आठ मूळ गट होतात, प्रत्येकात चारही तुकडे. एका रंगाचे आठ जण एकत्र बसवले तर दोघं-तिघंच बोलतात, म्हणून एकाच तुकड्याची मिळून तयारी करणारे तज्ज्ञ गटही चार-चारचेच ठेवायचे. हजेरीत एखादा जास्त आला तर एका गटात दोघांना एकच तुकडा द्यावा. तुकडा कमी मात्र पडू देऊ नये.

पाच मिनिटं मूक वाचन, पंधरा मिनिटं तज्ज्ञ गट. मग कागद गोळा करतो. हे महत्त्वाचं आहे. कागद हातात राहिला तर मूळ गटात समजावणं होत नाही, तो फिरवून वाचला जातो. मूळ गटाला वीस मिनिटं.

त्यानंतर प्रत्येकाने एकट्याने आठ प्रश्न सोडवायचे, प्रत्येक तुकड्याचे दोन. गुण दोन रकान्यांत मांडतो: स्वतःच्या तुकड्याचे आणि इतरांच्या. समजा, एका गटात सगळ्यांना स्वतःच्या दोनपैकी दोन मिळाले, पण इतरांच्या सहापैकी दोन-तीनच. म्हणजे तज्ज्ञ गट चालला, शिकवणं चाललं नाही. जिगसॉची ही नेहमीची दुखरी नस आहे, आणि गटाला मिळून एकच गुण दिला तर ती दिसतच नाही. उपाय म्हणजे मूळ गटाचा वेळ वाढवणं आणि ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत सांगणं. शेवटी चारही तुकडे लागतील असा एक प्रश्न टाकतो: राधानगरीचे दरवाजे बंद असूनही राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी कसं ओलांडेल?

दुपारी शिक्षक आपल्याच पुढच्या आठवड्याच्या धड्याचे तुकडे करतात. कसोटी एकच: तुकडा बाकीच्यांशिवाय वाचून कळतो का? लांब भागाकारासारखा धडा इथे अडतो, कारण पहिल्या पायरीशिवाय दुसरी समजत नाही. असा धडा सोडून द्यावा, ओढूनताणून तोडू नये.

अभिप्राय फॉर्मवर ‘कार्यशाळा आवडली का?’ विचारत नाही. चहा चांगला असला तरी होकार येतो. नावाशिवाय तीन प्रश्न पुरतात. तुमच्या गटात कोण किती वेळ गप्प होतं आणि का? कोणता धडा, कोणत्या तारखेला घेणार? त्यात काय अडेल असं वाटतं? दुसऱ्या उत्तराची एक प्रत शिक्षक स्वतःच्या वहीत चिकटवून नेतो. तीन आठवड्यांनी सगळ्यांना एकच विचारतो: धडा झाला का, आणि मुलांचे दुसऱ्या रकान्यातले गुण किती आले?