कॅनडासाठी कागदपत्रं पाठवताना: विद्यापीठाचा लिफाफा स्वतः नेऊ नका

कॅनडात फार्मासिस्ट व्हायचं म्हटलं की सगळे पहिल्यांदा परीक्षेचंच विचारतात: पुस्तकं कोणती, क्लास लावायचा का, प्रश्न कसे येतात. फाइल मात्र अडकते त्याच्या बरीच आधी, कागदपत्रांच्या तपासणीत. म्हणून हे माहितीपत्रक मुख्यतः त्याच टप्प्याबद्दल आहे.

क्रम असा. आधी नाप्रा या संस्थेच्या फार्मासिस्ट्स गेटवेवर नोंदणी करून राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यायचा. मग पीईबीसीकडे, म्हणजे फार्मसी परीक्षा मंडळाकडे, कागदपत्रांच्या मूल्यमापनाचा अर्ज. ते मंजूर झालं की इव्हॅल्युएटिंग परीक्षा, आणि त्यानंतर क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग: एक बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा ऑस्की, म्हणजे रुग्ण किंवा डॉक्टर बनून समोर बसलेल्या माणसाशी प्रत्यक्ष बोलून प्रसंग हाताळण्याचा. शेवटी ज्या प्रांतात काम करायचं तिथल्या नियामकाकडे नोंदणी. तिथे कायद्याची परीक्षा, भाषेचा पुरावा आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. क्वेबेकचा मार्ग वेगळा आहे. तिथे जायचं असेल तर आधीच सांगा.

आता वेळ खाणारी चूक. गुणपत्रकांचा अधिकृत उतारा, ज्याला आपण ट्रान्सक्रिप्ट म्हणतो, तो विद्यापीठाने थेट पीईबीसीला पाठवायचा असतो. फार्मसी कौन्सिलचं नोंदणीबाबतचं पत्रही कौन्सिलकडूनच जावं लागतं. अनेकजण विद्यापीठातून सीलबंद लिफाफा हातात घेतात आणि स्वतः कुरिअर करतात. सील शाबूत असलं तरी पाठवणारे तुम्ही ठरता, आणि कागद अर्जदाराच्या हातून गेलेला नाही हीच तर त्यांना खात्री हवी असते. नोटरी केलेल्या प्रतीने हे भागत नाही. नोटरी प्रत मुळाबरहुकूम असल्याचं सांगतो, मूळ कागद विद्यापीठानेच दिला हे नाही.

दुसरी घाई म्हणजे अर्ज उघडण्याआधीच ट्रान्सक्रिप्ट मागवणं. मग लिफाफा पोचतो, पण तो कोणत्या फायलीत लावायचा हे तिथल्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

समजा, पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आहे, पदवीवर माहेरचं, आणि ट्रान्सक्रिप्टवर आडनाव आधी छापून पुढे आईचं नाव जोडलेलं. तुम्हाला ही तीनही नावं तुमचीच दिसतात. तपासणाऱ्याला तीन माणसं दिसतात. अशा वेळी काम या क्रमाने करायचं: अर्ज पासपोर्टवरच्या नावाने उघडायचा, आधीचं नाव त्याच अर्जात नोंदवायचं, नावबदलाचा पुरावा (विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र) सोबत लावायचा, आणि मगच विद्यापीठाला विनंती करायची. त्या विनंतीपत्रात पासपोर्टवरचं नाव, पदवीवरचं नाव आणि अर्जाचा क्रमांक तिन्ही लिहायचे, आणि हेच तपशील सोबतच्या पत्रात येऊ द्यावेत अशी विनंती करायची. पासपोर्टच नव्या नावाने काढायचा असेल तर अर्जाआधी काढा. मधेच बदललात तर सगळं पुन्हा जुळवत बसावं लागेल.

म्हणूनच आम्ही पहिल्या भेटीत पासपोर्ट, पदवी आणि सगळ्या वर्षांची गुणपत्रकं एकत्र मागतो. काहींना ते जाचक वाटतं, ‘आधी फी सांगा’ म्हणतात. पण नावातला एक काना चुकलेला आमच्या टेबलावर सापडला तर दुरुस्ती विद्यापीठातच होते. तिकडे सापडला तर पत्रव्यवहार सुरू होतो आणि इव्हॅल्युएटिंग परीक्षेची मुदत हातची जाते. ती वर्षातून मोजक्याच वेळा असते. तुमच्या वतीने लिफाफा आम्हीही पाठवत नाही, कारण वर दिलेला नियम आम्हालाही लागू आहे. विनंतीपत्राचा मसुदा, नावांचा तक्ता आणि विद्यापीठाकडचा पाठपुरावा हे आमचं काम.

अमेरिकेबद्दल थोडं, कारण विचारणा रोज होते. १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांना एफपीजीईई परीक्षेसाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांच्या बी.फार्म.वर एम.फार्म.ची दोन वर्षं मिळवून हिशेब जमत नाही. आम्ही असा अर्ज भरून देत नाही, त्यामुळे कोणी ‘करून देतो’ म्हणालं तर आधी हा नियम वाचायला लावा.

ब्रिटनमध्ये बहुतेकांना ओएसपॅप हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, मग ५२ आठवड्यांचं प्रशिक्षण आणि नोंदणी परीक्षा असा रस्ता आहे. आखाती देशांत तर कागद तुम्ही अपलोड करता आणि पडताळणी करणारी संस्था स्वतः विद्यापीठाला विचारते, म्हणजे तिथे लिफाफ्याचा प्रश्नच नाही. नावाचा मात्र आहेच.

येताना मूळ कागद आणा, मोबाइलवरचे फोटो नकोत. गुणपत्रकाच्या मागच्या बाजूलाही मजकूर असतो आणि तो फोटोत नेमका राहून जातो.