जाहिरात थकते की बघणारा?

समजा, ऑनलाइन चित्रकला वर्गाची एक जाहिरात सहा आठवडे त्याच 40,000 लोकांना दाखवली जातेय. पहिल्या आठवड्यात ती 1,000 वेळा दिसली की 20 क्लिक यायचे. सहाव्या आठवड्यात 8 येतात. अशा वेळी बहुतेकजण घाईघाईने जाहिरात बदलतात किंवा बजेट वाढवतात. मला दोन्हींची घाई चुकीची वाटते. आधी घसरण कुठे झाली ते बघायला हवं.

क्लिक करणाऱ्या दर 100 जणांपैकी पूर्वी 5 जण नाव नोंदवत होते आणि आजही 5 जणच नोंदवत असतील, तर वर्गाच्या पानात किंवा शुल्कात बिघाड नाही. 1,000 वेळा दाखवण्याचा खर्चही तेवढाच असेल, तर स्पर्धकांनी भाव चढवल्याचंही कारण नाही. घटली ती फक्त जाहिरातीकडे वळणारी नजर. इथे ‘अॅड फटिग’चा, म्हणजे जाहिरातीच्या थकव्याचा, संशय घ्यायला जागा आहे.

मग सगळे फ्रिक्वेन्सीचा आकडा बघतात, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते. आपल्या उदाहरणात ती 2,40,000 वेळा दिसली, म्हणजे सरासरी 6. आकडा बरा वाटतो, पण सरासरी इथे फसवते. जे लोक फोनवर जास्त वेळ असतात, त्यांच्यासमोर जाहिरात पुन्हा पुन्हा येते. 10,000 जणांनी ती प्रत्येकी 16 वेळा पाहिली असेल, तर उरलेल्या 30,000 जणांच्या वाट्याला जेमतेम अडीच-पावणेतीन वेळा येते. एक गट विटलाय आणि दुसऱ्याची अजून नीट ओळखही झालेली नाही. म्हणून ‘फ्रिक्वेन्सी अमुक झाली की जाहिरात बदला’ हा सरसकट नियम मला पटत नाही.

मेंदूत काय होतं, ते जाहिरातींच्या कितीतरी आधीपासून अभ्यासलं गेलंय. तोच उद्दीपक वारंवार आला आणि त्यातून नवं काही हाती लागलं नाही, की प्रतिसाद मंदावतो. याला हॅबिच्युएशन म्हणतात. पंख्याचा आवाज काही वेळाने ऐकू येईनासा होतो, तसंच हे. 1966 मध्ये रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम स्पेन्सर या संशोधकांनी त्याची नऊ लक्षणं मांडली. त्यातली तीन इथे थेट उपयोगी पडतात. मंदावलेला प्रतिसाद विश्रांतीनंतर परत येतो. वेगळ्या उद्दीपकाला तो कमी मंदावलेला असतो. आणि तोच उद्दीपक विश्रांतीनंतर पुन्हा सुरू केला, तर प्रतिसाद आधीपेक्षा लवकर मंदावतो.

यावरून दोन छोट्या चाचण्या करता येतात. पहिलीत तीच जाहिरात, ती कधीच न पाहिलेल्या पण तशाच आवडीच्या लोकांना दाखवायची. तिथे 1,000 मागे 19 क्लिक आले, तर जाहिरात अजून दमदार आहे. दुसरीत जुन्याच लोकांना वेगळी जाहिरात दाखवायची. तिथे आकडा 8 वरून 15 वर गेला, तर थकवा पक्का. दुसऱ्या चाचणीतही आकडा 8-9 वरच अडला, तर कारण निराळं असू शकतं: ज्यांना चित्रकला शिकायची होती त्यांनी केव्हाच नावं नोंदवली आणि मागे उरले ते रस नसलेले. मग कितीही नवी चित्रं काढा, गर्दीच नवी शोधावी लागेल.

थकवा ठरला, की बदल नेमका कशात करायचा? बटणाचा रंग किंवा चौकटीची किनार बदलून फारसं साधत नाही, कारण अंगठा सरकवणाऱ्याला ती जुनीच जाहिरात वाटते. पहिलं दृश्य आणि पहिली ओळ बदलायला हवी. आधी शिक्षिका फळा दाखवत असेल, तर आता कोऱ्या कागदावर पेन्सिल टेकवणारा नवशिक्या हात जवळून दाखवा. ‘घरबसल्या शिका’ऐवजी ‘हात थरथरतो म्हणून चित्र काढत नाही?’ असा दुसराच धागा पकडा. वर्गाचं नाव, चिन्ह, ठरलेला रंग मात्र तसेच ठेवा. ओळख टिकली तर आधीच्या सहा आठवड्यांची पुण्याई वाया जात नाही.

चालू जाहिरातीतच फेरफार करू नका, नवी शेजारी उभी करा. मोठा बदल केला की मेटासारख्या मंचाची यंत्रणा कुणाला दाखवायचं ते पुन्हा शिकायला लागते. त्या शिकण्यासाठी तिला साधारण आठवड्याभरात 50 निकाल, म्हणजे नोंदणीसारख्या हव्या त्या कृती, लागतात आणि तोवर आकडे वरखाली होतात. त्यामुळे दोन दिवसांच्या आकड्यांवर नवी जाहिरात बाद करणं तिच्यावर अन्याय करणं आहे.

जुनी पुसून टाकू नका, बाजूला ठेवा. काही महिन्यांनी ती पुन्हा चालते. फक्त तिसरं लक्षण आठवा: पहिल्यांदा सहा आठवडे टिकलेली जाहिरात दुसऱ्या फेरीत त्याच लोकांसमोर लवकर विटू शकते, म्हणून तेव्हा आकडे दर दोन-तीन दिवसांनी बघा आणि पुढची जाहिरात आधीच तयार ठेवा.